पंधरा मिनिटांची उघडी खिडकी

ॲपांतर्गत खरेदी म्हणजे खेळ सुरू असतानाच त्यातील नाणी वा सोयी खऱ्या पैशांनी घेणे. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या संस्थेने 2014 च्या जानेवारीत ॲपलविरुद्ध मांडलेल्या तक्रारीचा गाभा असा होता, की पालकाने एकदा पासवर्ड दिल्यावर पुढील पंधरा मिनिटे मुलाला पुन्हा न विचारता कितीही खरेदी करता येत असे आणि पासवर्ड मागणारी चौकट या मुदतीविषयी काहीच सांगत नसे. ‘टॅप पेट हॉटेल’ या खेळात मुलीने 2,600 डॉलर खर्च केल्याची एका आईची तक्रार याच प्रकरणात नोंदली गेली. मुलाच्या हट्टाचा किंवा पालकाच्या दुर्लक्षाचा हा प्रश्न नव्हता. पैसे जाणार हे ठाऊक असून दिलेली स्पष्ट संमती होती का, एवढाच निर्णायक मुद्दा होता, आणि तो योग्यच होता. तडजोडीत कंपनीने किमान 3 कोटी 25 लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले.

आजही परताव्याच्या अर्जाचे बळ याच मुद्द्यात असते. ॲपलच्या ग्राहकाने reportaproblem.apple.com येथे प्रत्येक व्यवहार निवडून, खरेदी अल्पवयीन मुलाने परवानगीविना केल्याचे कारण द्यावे. मात्र परतावा आपोआप मिळत नाही, अर्जाची छाननी होते, आणि व्यवहार अद्याप प्रलंबित दिसत असल्यास शुल्क प्रत्यक्ष आकारले जाईपर्यंत अर्ज करता येत नाही.