अर्जाचा पैसा भांडवल कधी होतो?

नाशिकजवळ कांद्याचे वाळवलेले काप बनवणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, असे समजू. चार भागधारक, चौघेही नात्यातले. नव्या ड्रायरसाठी दोन लाख रुपये हवेत. पण एकदम सगळे कुणाकडेच नाहीत. म्हणून १० रुपयांचे २०,००० शेअर काढायचे ठरते: अर्जाबरोबर ४ रुपये, वाटपानंतर ४ आणि पुढे शेवटचा कॉल २ रुपयांचा.

प्रायव्हेट कंपनीला लोकांना शेअर घ्यायचे जाहीर आवाहन करता येत नाही. बाहेरच्या गुंतवणूकदाराला प्रेफरेन्शिअल पद्धतीने शेअर दिले, तर वाटपाच्या वेळीच त्यांची पूर्ण रक्कम भरलेली असावी लागते. पाठ्यपुस्तकातली हप्त्यांची गणिते सोडवताना ही अट सहसा नजरेआड होते. इथे मात्र सध्याच्याच भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात, म्हणजे राइट्स पद्धतीने शेअर देऊ केले आहेत. त्यामुळे हप्ते चालतात.

चौघांचे अर्ज आले, ८०,००० जमा झाले. रोजकीर्दीत बँक खाते नावे, भाग अर्ज खाते जमा. हा पैसा अजून भांडवल नाही, ते कंपनीचे देणे आहे. साठ दिवसांत वाटप झाले नाही आणि पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परतही केले नाहीत, तर कायदा ही रक्कम ठेव मानतो आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. छोट्या कंपन्या अडकतात त्या इथेच: पैसा खर्च होऊन जातो, ठराव मात्र राहून जातो. ताळेबंदात अर्जाची रक्कम वर्षअखेरीला तशीच पडून दिसली, की ऑडिटर आधी तारखा विचारतो.

संचालक मंडळाने वाटपाचा ठराव केला, की त्याच दिवशी भाग अर्ज खाते नावे आणि भाग भांडवल खाते जमा, ८०,०००. वाटपाचे ८०,००० आता येणे झाले, म्हणून भाग वाटप खाते नावे, भाग भांडवल खाते जमा. पैसे आले की बँक नावे, भाग वाटप खाते जमा. वाटपाचे विवरण पीएएस-३ फॉर्ममध्ये निबंधकाकडे जाते.

मग कॉल. कायद्यातल्या नमुना नियमावलीनुसार, म्हणजे टेबल एफनुसार, एक कॉल दर्शनी किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा नसतो आणि किमान चौदा दिवसांची नोटीस लागते. दोन रुपये त्या मर्यादेत बसतात. कॉल मागितल्यावर भाग कॉल खाते नावे, भाग भांडवल खाते जमा, ४०,०००.

आता १,००० शेअर घेतलेल्या एका पुतण्याने कॉलचे २,००० भरले नाहीत. नोंद अशी: बँक नावे ३८,०००, थकीत कॉल खाते नावे २,०००, भाग कॉल खाते जमा ४०,०००. या इश्यूपुरते मागितलेले भांडवल दोन लाख, पण भरणा झालेले १,९८,०००. ताळेबंदात थकबाकी वजा करूनच दाखवतात. टेबल एफ स्वीकारले असेल, तर थकबाकीवर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते किंवा संचालक ते माफही करू शकतात. नोटीस देऊनही पैसे आले नाहीत, तर ते १,००० शेअर जप्त करायचे की नाही, हा निर्णयही संचालक मंडळालाच घ्यावा लागतो.