हाताशी आलेलं नाणं हुकतं कसं

मोबाइलवर ‘सबवे सर्फर्स’ खेळणाऱ्या पोराटोरांना चुंबकाचं मोल सांगावं लागत नाही. चुंबक उचलला की पुढचे काही क्षण शेजारच्या रुळांवरची नाणीसुद्धा आपणहून अंगावर धावून येतात. ‘माइनक्राफ्ट’मध्ये अनुभवाचे हिरवट-पिवळे गोळे असेच खेळाडूकडे ओढले जातात. खेळ कोणताही असो, जमिनीवर पडलेली वस्तू नेमकी पायाखाली घेण्याचा त्रास वाचतो आणि खेळणाऱ्याला बरं वाटतं.

बनवणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. वस्तू कुठे आहे ते माहीत, खेळाडू कुठे आहे ते माहीत. एकाला दुसऱ्याकडे ढकलायचं, झालं. पण खेळ लोकांच्या हातात गेला की तक्रारी सुरू होतात. नाणं अंगावरून पलीकडे जातं, परत येतं, पुन्हा पलीकडे जातं. कधी ते खेळाडूभोवती गरगर फिरत राहतं. कधी भिंतीमागे अडकून तिथेच थरथरतं. वरवर पाहता हे एकाच दुखण्याचे प्रकार वाटतात, पण तिघांची कारणं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी पलीकडे निसटण्याचं पाहू. पडद्यावरची कोणतीही हालचाल सलग नसते. खेळ सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं काढतो, त्यांना फ्रेम म्हणतात, आणि दर फ्रेमला वस्तू एक पाऊल पुढे ठेवली जाते. दोन पावलांच्या मधल्या जागेत ती वस्तू नसतेच. समजा, नाण्याचा वेग सेकंदाला ६०० पिक्सेल आहे आणि ते खेळाडूपासून ८ पिक्सेलच्या आत आलं की उचललं गेलं असं धरायचं ठरलंय. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर नाण्याचं पाऊल १० पिक्सेलचं पडतं. पकडीचा पट्टा दोन्ही बाजू धरून १६ पिक्सेल रुंद आहे, त्यामुळे १० च्या पावलाला तो ओलांडता येत नाही. प्रत्येक नाणं हाती लागतं.

आता तोच खेळ स्वस्तातल्या, धापा टाकणाऱ्या फोनवर चालवा. फ्रेम ३० वर आल्या की पाऊल २० पिक्सेलचं होतं. १० पिक्सेलवर असलेलं नाणं एका पावलात पलीकडे १० पिक्सेलवर जाऊन पडतं. पुढच्या फ्रेमला दिशा पुन्हा काढली जाते आणि ते होतं तिथे परत येतं. तुम्ही जागेवर उभे असाल तर हा खेळ संपतच नाही. हिशेब केला तर शेवटच्या पावलाआधी ८ ते १२ पिक्सेलच्या टप्प्यात सापडलेली नाणीच अशी अडकतात, म्हणजे साधारण पाचातलं एक. बनवणाऱ्याच्या टेबलावरच्या दणकट संगणकावर मात्र एकही अडकत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे तर नीट चालतंय’ हे त्याचं उत्तर खरं असतं, आणि तरीही बिनकामाचं.

याचं औषध एका ओळीचं आहे. पाऊल उरलेल्या अंतरापेक्षा मोठं पडूच द्यायचं नाही:

```
step = min(speed * dt, distance)
```

इथे `dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. १० पिक्सेल उरले असतील तर पाऊलही १० चंच पडेल आणि नाणं बरोबर खेळाडूवर येऊन थांबेल.

पण ही ओळ चालते ती नाणं ठरावीक वेगाने येत असेल तेव्हाच. बहुतेकांना तसं येणं आवडत नाही, कारण ते दोरीने ओढल्यासारखं निर्जीव दिसतं. नाणं आधी हळू हलावं आणि मग वेग घेत झेपावावं, तर ते चुंबकासारखं वाटतं. त्यासाठी दर फ्रेमला जागा न बदलता वेगात थोडी भर घालतात. आणि वेग साठवला की तो कुठेतरी संपवावाही लागतो, हे तिथेच विसरलं जातं.

या प्रश्नाचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर १९९४ सालचं आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावर त्या वर्षी ‘सॉनिक द हेजहॉग ३’ आला. त्यात विजेचं कवच मिळालं की जवळपासच्या सोन्याच्या कड्या सॉनिककडे खेचल्या जातात. चाहत्यांनी या खेळाचा कोड उकलून ओळीनओळ तपासला आहे, त्यामुळे आतलं गणित आज कुणालाही पाहता येतं. कडी सॉनिकच्या दिशेने येत असेल तर तिच्या वेगात दर फ्रेमला ०.१८७५ पिक्सेलची भर पडते. ती सॉनिकपासून दूर चालली असेल तर मात्र हीच ओढ चौपट होते, ०.७५. आडव्या आणि उभ्या दिशेचा हिशेब वेगवेगळा केला जातो. बस, एवढंच.

चौपटीने काय साधतं ते आकड्यांत पाहा. कडी ६४ पिक्सेल अंतरावर स्थिर आहे आणि सॉनिक उभा आहे असं धरू. शिवाय कडी त्याला लागताच उचलली जाते हे क्षणभर विसरू. कडी निघाली की साधारण २६ फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, सॉनिकपाशी पोचते, आणि तोवर तिचा वेग फ्रेमला ४.९ पिक्सेल झालेला असतो. ती पलीकडे जाणारच. ओढ तेवढीच राहिली असती तर ती पलीकडेही ६४ पिक्सेल गेली असती आणि झोपाळ्यासारखी कायम झुलत बसली असती. पण चौपट ब्रेक लागल्यामुळे ती १६ पिक्सेलवरच थांबून वळते. पुढच्या खेपेला ४, मग १. तीन हेलकाव्यांत विषय संपला. प्रत्यक्षात सॉनिकच्या अंगाला रुंदी असल्याने कडी बहुधा पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेलाच उचलली जाते. तरी पळता पळता सॉनिकने एकदम दिशा बदलली की कडी त्याला ओलांडून जाताना आणि झटक्यात वळताना दिसते. ते दिसायला छानच दिसतं. थोडं निसटणं म्हणजे दोष नव्हेच, ते आटोक्यात आहे की नाही एवढाच प्रश्न.

गरगर फिरण्याचं कारण मात्र न्यूटनच्या काळापासून माहीत असलेलं आहे. ओढ फक्त खेळाडूच्या दिशेने असेल, तर नाण्याकडे जो आडवा वेग आहे त्याला ती हात लावत नाही. सूर्याची ओढ असूनही पृथ्वी सूर्यात पडत नाही ती याच कारणाने. खेळात हा आडवा वेग बहुतेकदा तुमच्याच पळण्यातून येतो. तुम्ही उजवीकडे पळताना नाणं उजवीकडे वेग घेतं. तुम्ही वळून वर गेलात की तो साठलेला वेग आता आडवा ठरतो. मग नाणं जवळ येतं तसं जास्त वेगाने वळसा घेतं आणि पकडीच्या पट्ट्याला न शिवता बाहेरून निघून जातं. सॉनिकच्या कडीत उभी आणि आडवी, दोन्ही दिशांना स्वतंत्र ब्रेक असल्यामुळे हा वळसाही आपोआप मरतो.

‘माइनक्राफ्ट’च्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत हा प्रकार डोळ्यांनी पाहता येतो. तिथे ८ ठोकळ्यांच्या आत आलेल्या गोळ्याला ओढ लागते आणि अंतर कमी होईल तशी ती वाढत जाते: १ ठोकळ्यावरची ओढ ६ ठोकळ्यांवरच्या ओढीच्या बारा पट. वेग मारायला हवेत फक्त २ टक्के घट आहे, तीही सेकंदाला २० वेळा, म्हणजे सेकंदाभरात वेगाचा जेमतेम एक तृतीयांश जातो. जवळ ओढ जोरकस आणि ब्रेक मऊ, म्हणून गोळे अंगाभोवती भिरभिरतात. त्यात खेळाडू सेकंदाला दहाच गोळे उचलू शकतो; एका वेळी शेकडो गोळे आले की बाकीचे माश्यांसारखे घोंघावत राहतात. इथे कारण दुहेरी आहे, आणि नुसता ब्रेक घट्ट करून ती गर्दी हटणार नाही.

नव्या खेळासाठी मला विचाराल तर मी आडवा वेग साठू देणारच नाही. दिशा दर फ्रेमला नव्याने काढायची, सरळ खेळाडूकडे. आणि वेग किती असावा ते नाणं ओढीत सापडून किती वेळ झाला यावर ठरवायचं. झेप घेतल्याचा भास टिकतो, फिरायला काही उरत नाही, आणि वरची एका ओळीची मर्यादाही पुन्हा लागू पडते. वेग वाढत वाढत खेळाडूच्या पळण्याच्या वेगापुढे गेला पाहिजे एवढं बघायचं, नाहीतर नाणी शेपटीसारखी मागे पळत राहतात.

भिंतीचं प्रकरण गणिताचं कमी आणि निर्णयाचं जास्त आहे. अंतर सरळ रेषेत मोजलं जातं. मध्ये भिंत आहे हे ओढीला ठाऊक नसतं. वस्तूला मात्र भिंत लागते, म्हणून ओढ तिला भिंतीवर दाबत राहते आणि भिंत तिला मागे लोटत राहते. ती थरथर यातूनच येते. ‘माइनक्राफ्ट’चा गोळा ठोकळ्यांना अडतो. सॉनिकची ओढलेली कडी जमीन-भिंतींची पर्वाच करत नाही, आरपार येते.

दोन्हींतलं कोणतं योग्य ते खेळावर ठरतं. धावण्याच्या खेळात नाणं भिंतीतून आलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण कुलूपबंद खोलीतला खजिना बाहेर उभं राहून ओढता येत असेल तर किल्लीला अर्थ उरत नाही. तिथे ओढ सुरू करण्यापूर्वी एकदा खेळाडू आणि वस्तू यांच्यामध्ये सरळ रेषा टाकून पाहायची; मध्ये भिंत असेल तर वस्तू हलवायचीच नाही. एकदा हलली की मग तिला भिंती लागू करायच्या नाहीत. ही तपासणी दर फ्रेमला केली तर तुम्ही कोपऱ्यावरून वळताच नाणं अर्ध्या वाटेत थबकतं, आणि ते अडकण्याइतकंच वाईट दिसतं.

तुमच्या खेळात असं नाणं दिसलं तर बनवणाऱ्याला ‘चुंबक बिघडलाय’ एवढंच लिहून थांबू नका. जागेवर उभे राहा. नाणं समोर सरळ रेषेत मागेपुढे उड्या मारतंय का, वळसे घेतंय का, की नकाशावरच्या एकाच जागी अडतंय, हे पाहा. फोन कोणता, तेव्हा खेळ अडखळत होता का, आणि त्याआधी तुम्ही पळत होतात का, हेही लिहा. तेवढ्या माहितीवर तिन्हींतलं कोणतं कारण आहे ते तुमचा फोन हातात न घेताही त्याला कळतं.