ठोक्यातले ०.८ सेकंद

मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदय दिवसात १,०३,६८० वेळा आकुंचन पावतं. सत्तर वर्षांत हा आकडा साधारण २६५ कोटींवर जातो. स्टेथोस्कोप लावल्यावर मात्र आपल्याला हिशेब लावायचा असतो तो एका ठोक्याचा, म्हणजे जेमतेम ०.८ सेकंदांचा.

खालचे कप्पे आकुंचन पावू लागले की मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात. हा 'लब', म्हणजे एस-वन. पुढच्या ०.३ सेकंदांत सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत जातं. ही सिस्टोली. मग एऑर्टिक आणि पल्मोनरी झडपा मिटतात. हा 'डब', म्हणजे एस-टू. उरलेले ०.५ सेकंद डायस्टोलीचे. त्या वेळात कप्पे सैल होऊन भरतात. चोवीस तासांतले तब्बल १५ तास हृदय अशा सैल अवस्थेत असतं!

लब-डबमधलं अंतर कमी आणि डब-लबमधलं जास्त, म्हणून दोन्ही ध्वनी ओळखता येतात. पण नाडी १२० झाली की अख्खा ठोका अर्ध्या सेकंदात आटोपतो. कात्री लागते ती मुख्यतः डायस्टोलीला. दोन्ही अंतरं जवळपास सारखी होतात आणि कान फसतो. अशा वेळी ऐकताना मानेतल्या एकाच बाजूच्या कॅरोटिड नाडीवर हलकेच बोट ठेवा. नाडीच्या ठोक्याच्या किंचित आधी येतो तो एस-वन. नाडीबरोबर फुरफुर ऐकू आली तर ती सिस्टोलीतली, झडप अरुंद असल्याची किंवा गळत असल्याची शक्यता. काही वेळा ती निरुपद्रवीही असते. एस-टूनंतरची फुरफुर डायस्टोलीतली, आणि तिला बिघाडाची खूण मानूनच कळवायचं.

आता एक नमुना रुग्ण घ्या. वय ६८, नाडी ११०, आडवं पडलं की धाप लागते, पावलांवर सूज. त्यांना डाव्या कुशीवर वळवा. डावीकडच्या बरगड्यांमधल्या पाचव्या जागेत, हृदयाच्या टोकाशी, बेल अलगद टेकवा. एस-टूनंतर साधारण ०.१५ सेकंदांनी एक मंद, खोल 'धप्' येतो: लब-डब-धप्. हा एस-थ्री. आधीच भरलेल्या, थकलेल्या कप्प्यात रक्त वेगाने घुसून एकदम अडलं की तो उमटतो. बेल जोरात दाबली तर ताणलेली त्वचाच डायफ्रॅमसारखं काम करते आणि हा ध्वनी नाहीसा होतो. मुलांत, तरुणांत आणि गरोदरपणात एस-थ्री नॉर्मल असू शकतो. चाळिशीनंतर नव्याने ऐकू आला, तर हार्ट फेल्युअरचा संशय घ्यायचा.

एस-थ्री ऐकू आला नाही म्हणून हार्ट फेल्युअर नाही, असं मात्र ठरवू नका. ध्वनीची जागा आणि वेळ, नाडी, श्वसनाचा दर, ऑक्सिजन आणि सूज एकत्र नोंदवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.