पनीर रबरासारखं का होतं?

पनीर चीजसारखं वितळत नाही. तापत राहिलं की त्यातलं पाणी उडतं, प्रथिनं आवळतात आणि तुकडा चिवट होतो. म्हणून आच मध्यम आणि वेळ थोडा.

पाव किलो पनीरचे पाऊण इंचाचे तुकडे करून फडक्याने कोरडे टिपा. तव्यावर दोन चमचे तेल तापू द्या, तुकडे सुटे मांडा. दीड-दोन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू सोनेरी झाली की तुकडा आपणच सुटतो. उलटून आणखी मिनिटभर. चारही बाजू तांबूस करायचा हट्ट नको, तिथेच घात होतो. लगेच मीठ घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं सोडा.

ओव्हनमध्ये तेल चोळून २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं पुरतात.