अडवलेले पैसे आणि दंड

रनिंग बिलातून दोन लाख कापलेले दिसले, की साइटवर म्हणतात, "दंड लागला." बहुतेक वेळा तो दंड नसतोच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या धर्तीवरच्या करारात पैसे अडवून ठेवणं वेगळं आणि दंड वेगळा. साइट इंजिनिअरला हा फरक कळला पाहिजे, कारण दोन्हींचा निकाल त्याच्याच नोंदींवर लागतो.

समजा, दोन कोटींची इमारत आहे आणि मुदत बारा महिन्यांची. कराराच्या तक्त्यात कामाचे टप्पे ठरलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यासमोर तारीख आणि एक रक्कम लिहिलेली असते. आपल्या कामात सहा महिन्यांत सगळे स्लॅब पूर्ण करायचे आहेत आणि ते न झाल्यास एक टक्का, म्हणजे दोन लाख, अडवायचे आहेत.

सहावा महिना संपला, एक स्लॅब राहिला. मापपुस्तिकेत तीस लाखांचं काम नोंदलं गेलं. त्यातून अडीच टक्के अनामत, म्हणजे पंचाहत्तर हजार वजा झाले आणि टप्पा चुकल्याचे दोन लाख अडवले गेले. कर धरण्याआधी हातात आले सव्वासत्तावीस लाख. मात्र पुढचा टप्पा वेळेत गाठून मागचं भरून काढलं, तर हे दोन लाख परत मिळतात.

दंड लागतो तो काम संपायलाच उशीर झाला तर. दर महिन्याला कराराच्या रकमेच्या एक टक्का, दिवसांच्या हिशेबाने, आणि जास्तीत जास्त दहा टक्के, असं आपल्या करारात आहे. काम चाळीस दिवस लांबलं, तर दंड होतो सुमारे दोन लाख सदुसष्ट हजार. अडवलेली रक्कम तेव्हा हाती असेल, तर ती या दंडात वळती होते.

पण उशीर कुणाचा? अडथळ्यांच्या नोंदवहीत, म्हणजे हिंड्रन्स रजिस्टरमध्ये, अशी ओळ आहे: '12 जून. जिन्याच्या सळयांचं ड्रॉइंग नाही. तिसऱ्या स्लॅबचं काम थांबलं.' ड्रॉइंग आलं 6 जुलैच्या संध्याकाळी. विभागाच्या अभियंत्याची सही असेल आणि मुदतवाढ मंजूर झाली, तर हे पंचवीस दिवस वजा होतात. उरतात पंधरा, आणि दंड एक लाखावर येतो. त्याच दिवसांत सिमेंटही नसेल, तर दोन्ही अडथळ्यांचे दिवस एकत्र जोडता येत नाहीत. शिवाय सिमेंट आणणं ठेकेदाराचंच काम असेल, तर त्या कारणाला सूट नाही.

चूक होते ती अर्जाच्या वेळी. अडथळा घडल्यापासून चौदा दिवसांत मुदतवाढ मागायची असते, म्हणजे इथे 26 जूनपर्यंत. ड्रॉइंग येण्याची वाट पाहत बसलेल्या इंजिनिअरची ही तारीख ड्रॉइंग येण्याच्या दहा दिवस आधीच उलटलेली असते. अर्ज अडथळा सुरू झाला की करायचा. तो संपल्यावर फक्त दिवस भरायचे.

दर, टक्के आणि मुदती प्रत्येक करारात बदलतात. म्हणून नव्या साइटवर गेल्यावर टप्प्यांचा तक्ता, दंडाचं कलम आणि मुदतवाढीचं कलम पहिल्याच दिवशी वाचून ठेवावं.