कॉफीचा चोथा सिंकात? नको गो!

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. देवबागला माझ्या मावशीचं होमस्टे फुल्ल. अंगणात पाहुणे, चुलीवर घावणे आणि ओट्यावर माझा लाडका फ्रेंच प्रेस. पुण्याच्या हॉस्टेलमधून मी तो मोठ्या कौतुकाने आणला होता. पाहुण्यांनाही माझी कॉफी आवडली आणि दिवसाला तीन-चार प्रेस भरायला लागले. प्रत्येक वेळी मी काय करायचे? प्रेस नळाखाली धरायचा, खळखळून धुवायचा, चोथा सिंकात. पाणी गेलं, विषय संपला.

सहाव्या दिवशी सकाळी विषय सिंकात तरंगत होता. आदल्या रात्रीच्या बांगड्याच्या तिखल्याची भांडी, त्यावर तपकिरी पाणी आणि नळीतून गुडगुड आवाज. सीझनमध्ये प्लंबर दुपारशिवाय येत नाही. शेवटी शेजारच्या काकांनी सिंकखाली बादली लावली आणि बाटलीसारख्या दिसणाऱ्या ट्रॅपचा खालचा कप हाताने फिरवून काढला. आत काय होतं? काळपट, घट्ट, लोण्यासारखा गोळा. बोटांनी चोळला तर रवाळ. मावशी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चोथो माडाक घालूचो सोडून मोरयेत कित्याक वतलंस गो?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मला नंतर कळलं, ते तुम्हाला आधीच सांगते.

आधी एक हिशेब करा. चांगल्या कॉफीत पावडरीचा साधारण पाचवा भागच पाण्यात उतरतो. बाकीचा चोथा म्हणून उरतो आणि तो पाण्यात कधीच विरघळत नाही. घरात रोज चार कप होत असतील, कपाला 15 ग्रॅम पावडर धरली, तर रोजची 60 ग्रॅम. त्यातला जवळजवळ 48 ग्रॅम कोरडा चोथा उरतो. महिन्याला झाला सुमारे दीड किलो! ओला असताना त्याचं वजन याच्या तिप्पट असतं. (इन्स्टंट कॉफीवाल्यांनी निश्चिंत राहावं, त्यांची पावडर अख्खी विरघळते.)

आता तुम्ही म्हणाल, पाण्याबरोबर वाहून जाईल की. थोडासा जातोही. पण भिजलेला कण पाण्यापेक्षा जड असतो. पाण्याचा वेग कमी झाला की तो खाली बसतो, आणि वेग कमी होतो नेमका ट्रॅपमध्ये, कारण तिथे वास अडवण्यासाठी पाणी मुद्दाम साठवलेलं असतं. बऱ्याच घरांत सिंकखाली ती वळ्यावळ्यांची लवचीक नळी असते. तिच्या प्रत्येक वळीत थोडा थोडा चोथा बसतो.

तरी नुसता चोथा पाण्याच्या जोरदार लोटाने हलतो. घोटाळा होतो तो आपल्या जेवणामुळे. माशाच्या कालवणातलं तेल, वाटपातलं खोबऱ्याचं तेल, साबणाचा साका. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. थंडीतल्या सकाळी न्हाणीतली तेलाची बाटली घट्ट होते ना, तेच नळीत होतं. त्या मेणचट थरात कॉफीचे कण रुततात आणि सिमेंटात वाळू मिसळावी तसा गोळा तयार होतो. म्हणूनच मावशीचं सिंक डिसेंबरात तुंबलं. गरम पाणी ओतलं तर तेल वितळून पुढे सरकतं आणि चार हातांवर, थंड नळीत, पुन्हा गोठतं. म्हणजे अडचण तुमच्या हाताबाहेर गेली.

आणि आपल्या किनाऱ्यावर "पुढे" म्हणजे तरी कुठे? घरामागचा शोषखड्डा, नाहीतर माडाकडे जाणारा चर. शोषखड्ड्यात पाणी जमिनीत मुरतं ते दगड-वाळूमधल्या फटींतून. बारीक कण आणि तेल त्या फटी बुजवतात. ट्रॅप दहा मिनिटांत उघडता येतो, खड्डा नाही.

मग करायचं काय? सोपं आहे, फक्त क्रम बदला. नळ शेवटी उघडा.

फ्रेंच प्रेस असेल तर उरलेली कॉफी ओतून घ्या, मग अर्धा कप पाणी घालून प्रेस गोल फिरवा. सगळा चोथा सुटतो. तो पंचाच्या जुन्या तुकड्यावर ओता. चहाची गाळणी चालते, पण सगळ्यात बारीक गाळ तिच्यातून निसटतो, आणि ट्रॅपमध्ये तोच आधी बसतो. खाली गळलेलं गढूळ पाणीही सिंकात नको, परसात टाका. मोका पॉट असेल तर तो पूर्ण थंड होऊ द्या. चाळणीतली वडी उलटी करून ठोकली की अख्खी पडते. स्टीलच्या साउथ इंडियन फिल्टरचा चोथा काही तास निथळू द्या, मग चमच्याने खरवडा. भांड्याला चिकटलेलं कागदाच्या तुकड्याने पुसा आणि मगच धुवा. चिमूटभर गेलं तर आभाळ कोसळत नाही. रोजचा चमचाभर मात्र साठतो.

आता तो चोथा माडाला. पण इथेही मी एक चूक केली. मावशीने सांगितलं म्हणून सगळा एकाच जागी, बुंध्याला टेकवून ओतला. चार दिवसांत उन्हाने त्याची पापडी झाली आणि वरचं पाणी बाजूने घरंगळायला लागलं. माडाची अन्न घेणारी मुळं बुंध्यापासून लांब, आळ्यात पसरलेली असतात. चोथा तिथे पातळ पसरा, वाळूत कालवा आणि वर पातेरा टाका. देवबागच्या पुळणीत पाणी टिकत नाही, तिथे असा कुजलेला भर उपयोगीच पडतो. फक्त खत म्हणून त्याच्यावर भिस्त नको.

कुंडीतल्या कोवळ्या रोपांना ताजा चोथा घालू नका. त्यातल्या उरल्यासुरल्या कॅफीनमुळे आणि इतर घटकांमुळे वाढ खुंटते. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणार असाल तर एकूण ढिगाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको, आणि सोबत सुका पाला हवाच. शिवाय कॅफीन कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. त्यामुळे उघडा ढीग ठेवू नका, मातीखाली घाला.

पावसाळ्यात? चोथा वाळत नाही. बंद डब्यात ठेवला तर काही दिवसांतच पांढरी बुरशी दिसते. त्या दिवसांत साठवायचं नाही, रोजचा रोज कंपोस्टमध्ये. परसच नसेल तर पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात.

आणि सिंक आधीच कुरकुरत असेल तर? पाणी हळू उतरणं, गुडगुड, जाळीभोवती काळ्या कणांची रेघ, ही लक्षणं. तेव्हाच बादली लावून ट्रॅप उघडा, जुन्या टूथब्रशने घासा, रबरी वॉशर जागेवर बसवा आणि तांब्याभर पाणी सोडून गळतंय का बघा. ट्रॅप स्वच्छ निघाला तर अडथळा पुढे आहे, तिथे प्लंबरच हवा. ड्रेन उघडणारी कॉस्टिकची पावडर तेल कापते, चोथा विरघळवत नाही. तो तसाच पुढे जाऊन बसतो. शिवाय ती पावडर टाकून झाल्यावर ट्रॅप उघडायला गेलात तर हात भाजतात.

मावशीच्या ओट्यावर आता सिंकशेजारी एक जुना टोप असतो. त्यावर पंचाचा तुकडा बांधलेला. पाहुणे विचारतात, हे काय? मावशी म्हणते, "कॉफयेची मोरी."