कोणत्या डागाला काय लावायचं?

पांढऱ्या सुती कुर्त्यावर पिवळट डाग दिसतो. तो कशाचा आहे, हे कुणालाच आठवत नाही. अशा वेळी घाईने साबण चोळू नये. आधी डागावर पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि शेजारच्या स्वच्छ कापडावर दुसरा. स्वच्छ कापडात पाणी लगेच मुरलं आणि डागावर मात्र थेंब गोल उभा राहिला, तर डागात तेल आहे.

पाण्याच्या रेणूच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो. असेच भार असलेल्या साखर-मिठाला ते आपल्यात ओढून घेतं. तेलाच्या रेणूतल्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांवर असा भार जवळपास नसतोच, म्हणून पाणी त्यांना धरू शकत नाही. त्यांना तसाच, जवळपास भार नसलेला द्रव लागतो, उदाहरणार्थ रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन. अल्कोहोल या दोघांच्या मधलं आहे. त्याचं एक टोक पाण्यासारखं, तर दुसरं तेलासारखं असतं. म्हणूनच बॉलपेनची शाई पाण्याला दाद देत नाही, पण सर्जिकल स्पिरिटने सुटते.

आता कुर्त्याकडे वळू. आतल्या शिवणीवर टर्पेंटाइन लावून कापडाला काही होत नाही ना, हे पाहा. ओल्या धाग्यात टर्पेंटाइन शिरत नाही, म्हणून थेंबाचं पाणी पूर्ण वाळू द्या. डाग पांढऱ्या फडक्यावर पालथा घाला आणि मागच्या बाजूने, कडेकडून मध्याकडे, टर्पेंटाइनच्या बोळ्याने टिपत जा. मधून बाहेर गेलात तर डाग पसरून त्याचं कडं उमटतं. खालच्या फडक्यावर तेलकट ठसा उतरतो, पण पिवळेपणा कापडावर तसाच राहतो. म्हणजे तेल गेलं आणि रंग उरला. कापड वाळवून आता स्पिरिटचा बोळा लावा. तो पिवळा झाला, तर ती बहुधा हळद, म्हणजे डाग भाजीच्या तर्रीचा! हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं. खात्री करायची असेल तर उरलेल्या छटेवर साबणाचं पाणी लावा. हळद असेल तर ती लालसर होते, कारण अल्कलीत कर्क्युमिनचा रंग बदलतो. त्यानंतर कुर्ता साबणाने धुऊन उन्हात वाळत घाला. उन्हाने कर्क्युमिन फिकं पडतं.

स्पिरिट आणि टर्पेंटाइन दोन्ही पेट घेतात. त्यामुळे खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ बसू नका आणि कापड पूर्ण वाळल्याशिवाय मशिनमध्ये टाकू नका. रंगीत कापडाचा रंग स्पिरिटने सुटू शकतो, म्हणून त्याचीही चाचणी आधी शिवणीवरच घ्या.

या नियमाने सगळेच डाग निघत नाहीत. गंज या तिन्हींपैकी कशातच विरघळत नाही, त्याला ऑक्झॅलिकसारखं आम्ल लागतं. रक्तातली प्रथिनं ताजी असताना थंड पाण्यात सुटतात, पण गरम पाणी किंवा स्पिरिट लागलं की गोठून धाग्यात बसतात. डाग रक्ताचा असल्याची शंका जरी आली, तरी सुरुवात थंड पाण्यानेच करावी.